लिफ्टजवळचा कार्यालय-सूचीचा बोर्ड: लांबून वाचता यावा म्हणून मांडणी कशी करावी?

मृणाल_नाशिक

नमस्कार. आमची व्यापारी इमारत आहे, तळमजला अधिक पाच मजले. तळाला चार गाळे, वर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर सहा-सहा आणि तिसऱ्या ते पाचव्यावर पाच-पाच कार्यालये, म्हणजे एकूण ३१. डॉक्टर, सीए, वकील, एक क्लास, दोन विमा एजंट, असा मिश्र कारभार आहे. मी यंदा सोसायटीची सचिव आहे आणि लॉबीतला जुना फ्लेक्स बदलायचं काम माझ्याकडे आलं आहे.

जुना फ्लेक्स असा: वर इमारतीचं मोठं नाव, खाली मजल्यांनुसार यादी, प्रत्येक ओळीत मराठी आणि त्याखाली इंग्रजी, प्रत्येक नावापुढे एक बाण. कोणालाच काही सापडत नाही. येणारा माणूस बोर्डासमोर थोडा वेळ उभा राहतो आणि मग वॉचमनला विचारतो.

नवीन बोर्ड चार फूट बाय पाच फूट करायचा, अक्षरं ७२ पॉइंट ठेवायची, असं एका प्रिंटरने सुचवलं आहे. मुख्य दारापासून लिफ्टची भिंत सहा मीटरवर आहे. लिफ्टच्या दोन्ही बाजूंना साधारण सव्वा-सव्वा मीटर भिंत मोकळी आहे. मागे पार्किंगकडून दुसरं दार आहे. अक्षर किती मोठं लागेल, बाण कुठे द्यायचे आणि ३१ नावं बसवायची कशी? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

विक्रांत_एस

७२ पॉइंट म्हणजे बरोब्बर एक इंच, २५.४ मिलिमीटर. एक इंच अक्षर दहा मीटरवरून वाचता येतं हा साईनच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. तुमचं अंतर सहाच मीटर. त्यामुळे अडचण नाही. फक्त अक्षर भरपूर ठळक ठेवा आणि इंग्रजी सगळं कॅपिटलमध्ये घ्या, म्हणजे आणखी लांबून दिसेल.

शब्दरेघ

विक्रांत, पॉइंटचा हिशेब बरोबर आहे, पण ते २५.४ मिलिमीटर अक्षराच्या उंचीचे नाहीत. ते अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसतं त्या चौकटीचे आहेत. त्या चौकटीत वरची वेलांटी, रफार, खालचा उकार, सगळ्यांना जागा ठेवलेली असते. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची, म्हणजे 'क' किंवा 'म' ची स्वतःची उंची, देवनागरी फॉन्टात त्याच्या दोन-तृतीयांशाहून कमीच भरते, आणि ती फॉन्टागणिक बदलते. ७२ पॉइंटचा 'म' कागदावर छापून पट्टी लावली तर तो बहुधा १५ मिलिमीटरच्या आसपास येईल. मृणालताई, प्रिंटरशी पॉइंटमध्ये बोलूच नका. 'शिरोरेषा ते तळ इतके मिलिमीटर' असं लिहून द्या.

दुसरं, दहा मीटरचा तो ठोकताळा 'कसंबसं वाचता येतं' या मर्यादेचा आहे. तोसुद्धा साध्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी, चांगल्या उजेडात आणि चांगल्या नजरेसाठी. निवांत वाचायला त्याच्या तिप्पट धरतात, म्हणजे इंचाला तीन मीटर.

पण आकाराच्या आधी एक प्रश्न: नावं वाचणारा माणूस नेमका कुठे उभा असेल? दारातून सहा मीटरवरून ३१ नावं कोणी वाचत नाही. दारातून फक्त 'तिथे यादी आहे' एवढं कळायला हवं. मग माणूस पुढे येतो. लिफ्टसमोर रांग असेल तर तो रांगेच्या मागे थांबतो. ते अंतर मोजा.

मृणाल_नाशिक

आज संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी पाहिलं. रांगेमागचा माणूस बोर्डापासून साधारण तीन मीटरवर असतो. रांग नसेल तर लोक दीड मीटरपर्यंत जातात.

चष्माघर

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, माझ्या बाजूने थोडं सांगते. डोळे तपासायच्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ सहा मीटरवरून वाचायची असते आणि तिचं अक्षर साधारण पावणेनऊ मिलिमीटरचं असतं. म्हणजे एका मीटरला जेमतेम दीड मिलिमीटर. ही चांगल्या नजरेची टोकाची मर्यादा झाली. तक्ता स्वच्छ, उजेड नेमून दिलेला, आणि माणूस खुर्चीत बसून मुद्दाम प्रयत्न करतोय.

तुमच्या लॉबीत येणाऱ्यांत दवाखान्याचे पेशंट आहेत, वयस्कर आहेत. अनेकांची नजर चष्म्यासकट ६/१२ असते, त्यांना दुप्पट अक्षर लागतं. मीटरला तीन मिलिमीटर. शिवाय मर्यादेवर वाचणं आणि यादीवरून नजर फिरवून नाव शोधणं यात फरक आहे. शोधायचं असेल तर अक्षर मर्यादेच्या निदान दुप्पट हवं. मीटरला सहा मिलिमीटर झाले. तीन मीटरसाठी १८.

तक्त्यावरची अक्षरं मुद्दाम साधी निवडलेली असतात. त्यांची रेघ अक्षराच्या उंचीच्या एक-पंचमांश असते, आतल्या फटी तेवढ्याच. आपल्या जोडाक्षरांत त्याच उंचीत याहून जास्त रेघा कोंबलेल्या असतात. 'राष्ट्रीय' मधलं 'ष्ट्री' डोळ्यासमोर आणा. त्यामुळे देवनागरीला मी आणखी थोडं वाढवीन.

शब्दरेघ

अगदी हेच. मी देवनागरीसाठी मीटरला सात मिलिमीटर धरतो. तीन मीटरसाठी शिरोरेषा ते तळ २१ मिलिमीटर. हा कुठला शासकीय नियम नाही, कामातून पक्का झालेला आकडा आहे.

विक्रांतचा ठळकपणाचा मुद्दा मात्र घेऊ नका. देवनागरीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांतला फरक शिरोरेषेतल्या एका फटीवर किंवा छोट्याशा गाठीवर उभा असतो. अक्षर फार ठळक केलं की ती फट मिटते आणि लांबून 'घाटगे' चे 'धाटगे' होतात, 'भोरे' चे 'मोरे'. मधलं वजन घ्या, ज्याला फॉन्टांच्या यादीत Medium किंवा SemiBold म्हटलेलं असतं. मुक्त परवान्याचे `Mukta`, `Hind`, `Noto Sans Devanagari` हे फॉन्ट या वजनांत मिळतात आणि आतून मोकळे आहेत. कॅपिटलचंही तसंच. सगळं कॅपिटलमध्ये घेतलं की प्रत्येक शब्द सरळसोट आयत होतो आणि जागाही जास्त खातो. एखाद्या मोठ्या शब्दाला चालेल, यादीला नाही.

देशमुखकाका_ठाणे

आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत. आम्ही खाली फ्लॅटनंबर आणि आडनावांचा पितळी बोर्ड लावला होता. भाडेकरू बदलत राहतात, आणि काही सभासदांनी सुरक्षेच्या कारणाने नावं काढायला लावली. माझं मत आहे की नावं लावूच नयेत, फक्त नंबर ठेवावेत. पाहुणा फोन करून येतोच.

मृणाल_नाशिक

काका, राहत्या इमारतीसाठी ते पटतं. आमच्याकडे येणाऱ्याकडे बरेचदा फक्त डॉक्टरांचं नाव असतं, नंबर माहीत नसतो. त्याला नावावरूनच नंबर शोधायचा असतो.

शब्दरेघ

मृणालताई, तुमच्या या वाक्यातच मांडणी दडली आहे. येणाऱ्याला नाव माहीत आहे, मजला माहीत नाही. आणि तुमची यादी मजल्यांनुसार लावली आहे! म्हणजे 'घाटगे' शोधायला त्याला पाचही मजले वरून खाली वाचावे लागतात. सात-आठ कार्यालयं असती तर मजल्यांनुसारच ठेवा म्हटलं असतं, कारण तेवढं एका नजरेत दिसतं आणि इमारतीचं चित्रही समजतं. ३१ नावांना अकारविल्हे यादी लावा: नाव शोध, समोरचा नंबर घे, लिफ्टमध्ये जा.

यातून एक गोष्ट आपोआप ठरते. मराठी आणि इंग्रजी एकाच ओळीत, एकाखाली एक, ठेवता येत नाहीत. मराठी क्रमाने अत्रे, उपासनी, कुलकर्णी, घाटगे, चव्हाण असं जाईल. त्याखाली इंग्रजी लिहिलं तर ते A, U, K, G, C असं उड्या मारत जाईल आणि इंग्रजी वाचणाऱ्याला क्रमाचा काहीच उपयोग होणार नाही. दोन भाषा हव्या असतील तर दोन स्वतंत्र याद्या, प्रत्येकीचा आपला क्रम.

रेडियमवाले_अण्णा

कोल्हापुरात बोर्डांचं काम करतो. शब्दरेघ यांचं बरोबर आहे, पण अकारविल्हे लावताना एक सांभाळा. तुमच्याकडे डॉक्टर जास्त. सगळ्यांनी 'डॉ.' पासून नाव दिलं की अर्धी यादी 'ड' मध्ये जाते. 'श्री', 'मेसर्स', 'ॲड.' यांचंही तेच. आडनाव आधी घ्या: 'घाटगे, डॉ. — दंतवैद्य'. क्लास किंवा कंपनी असेल तर लोक ज्या नावाने हाक मारतात ते आधी.

दाढदुखी

मी अशाच एका इमारतीत भाड्याने दवाखाना चालवते, म्हणून भाडेकरूंची बाजू मांडते. आमच्या दवाखान्याचं नाव आडनावावर नाही. पेशंट कधी दवाखान्याच्या नावाने शोधतात, कधी माझ्या. यादीत एकच ओळ मिळाली तर निम्मे पेशंट चुकतात. आणि लोगो का नको? लोक लोगो ओळखतात.

शब्दरेघ

दोन ओळी घ्या ना. एक दवाखान्याच्या नावाची, एक डॉक्टरांच्या आडनावाची, दोन्हीपुढे तोच नंबर. अकारविल्हे यादीत हे सहज जमतं, मजलावार यादीत विचित्र दिसतं. जागा मात्र आधीच धरावी लागेल.

लोगोबद्दल मी ठाम नकार देईन. २१ मिलिमीटर उंचीच्या ओळीत लोगो म्हणजे तीन मीटरवरून रंगीत ठिपका. एकाला दिला की बाकी तीस जण मागतात. मग नावांच्या सुरुवाती एका रेषेत राहत नाहीत आणि नजर खाली घसरायला जी सरळ कड लागते ती मोडते. लोगो तुमच्या दारावर मोठा लावा.

दाढदुखी

दोन ओळींचं पटलं. लोगोचं नाही, पण आमच्याकडे भांडण नाही काढणार.

मृणाल_नाशिक

तीन जणांना दोन ओळी द्याव्या लागतील असं दिसतंय. मग ३४ ओळी. दोन भाषा म्हणजे ६८. चार बाय पाच फुटांत बसतील का?

शब्दरेघ

बसवून बघू. मराठी अक्षर २१ मिलिमीटर. ओळीपासून ओळीचं अंतर अक्षराच्या उंचीच्या दुप्पट हवं, म्हणजे ४२. याहून कमी केलं तर वरच्या ओळीचा 'कु' खालच्या ओळीच्या 'र्की' ला जाऊन भिडतो. रोमन लिपीला इतकं लागत नाही, म्हणून इंग्रजी सवयीने केलेल्या बोर्डांवर मराठी ओळी गुदमरलेल्या दिसतात.

दोन स्तंभ केले तर प्रत्येकात १७ ओळी. १७ गुणिले ४२ म्हणजे ७१४ मिलिमीटर. वर शीर्षकाची पट्टी १२०, वरखाली मोकळी जागा मिळून साधारण ७०. एकूण नऊशेच्या जवळपास. इंग्रजीची यादी त्याच बोर्डावर खाली घेतली तर बोर्ड दीड मीटरच्या पुढे जातो. त्याची वरची कड दोन मीटरवर ठेवली तर इंग्रजीच्या शेवटच्या ओळी गुडघ्याच्या आसपास येतात. त्या वाकून कोणी वाचणार नाही, आणि रांग असेल तर माणसांआड जातील.

म्हणून एका मोठ्या बोर्डाचा विचार सोडा. लिफ्टच्या डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, दोन्ही १००० रुंद आणि ९०० उंच. खालची कड जमिनीपासून एक मीटरवर, वरची १.९ मीटरवर. सगळ्या ओळी उभ्या माणसाच्या नजरेच्या थोड्या वर-खाली येतात. खालच्या ओळी व्हीलचेअरवरच्या माणसाला सोप्या जातील, वरच्या त्यालाही दुरूनच वाचाव्या लागतील.

रेडियमवाले_अण्णा

आठ बाय चार फुटांच्या एका एसीपी शीटमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या प्लास्टिकच्या शीटमध्ये, हे दोन्ही बोर्ड निघतात, वर तुकडा उरतो. तो फेकू नका, पुढे बाणांच्या पट्ट्यांना लागेल.

विक्रांत_एस

इंग्रजी वेगळं लावलं तरी ते मराठीपेक्षा मोठं नको. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात बोर्डावर मराठी मोठ्या अक्षरात असणं सक्तीचं आहे.

शब्दरेघ

मोठी नव्हे, इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असं आहे. आणि ती तरतूद दुकानं व आस्थापनांच्या नामफलकांसाठी आहे. लॉबीतली यादी नामफलक धरली जाते का, हे सोसायटीच्या वकिलांनाच विचारलेलं बरं. मोजायचं कसं हाही प्रश्न उरतोच: देवनागरीचा 'क' इंग्रजीच्या कॅपिटलशी ताडायचा की छोट्या अक्षराशी? मृणालताईंच्या बोर्डात मराठी २१ आणि इंग्रजी कॅपिटल १८ ठेवलं तर मराठी कुठल्याही मोजमापाने लहान ठरत नाही, आणि इंग्रजी तीन मीटरवरून आरामात वाचता येतं.

मृणाल_नाशिक

छान, हे समितीला समजावता येईल. आता नंबर. नावाच्या पुढे लिहायचा की आधी? आणि आकडे मराठी की इंग्रजी? लिफ्टच्या बटणांवर इंग्रजी आकडे आहेत.

शब्दरेघ

नंबर उजव्या कडेला नेला तर छोटं नाव आणि नंबर यांत मोठी पोकळी पडते. नजर ती ओलांडताना वरच्या किंवा खालच्या ओळीवर उतरते आणि माणूस चुकीच्या मजल्यावर जातो. म्हणून नंबर नावाच्या आधी, डावीकडे, स्वतःच्या ७५ मिलिमीटरच्या उभ्या पट्टीत लिहा आणि नाव त्याला लागून सुरू करा. दोन स्तंभांच्या बोर्डात नावाला साधारण ३४५ मिलिमीटर उरतात. एवढ्यात १४-१५ अक्षरं बसतात. 'कुलकर्णी आणि असोसिएट्स, सनदी लेखापाल' बसणार नाही, 'कुलकर्णी, सीए' बसेल. मोठं नाव बसवायला कोणी अक्षर आडवं दाबायला सांगितलं तर ऐकू नका. दाबलं की उभ्या रेघा बारीक होतात, आतल्या फटी मिटतात, आणि नेमकी तीच ओळ वाचता येत नाही.

आकड्यांबद्दल मी लिफ्टच्या बाजूने आहे. बोर्डावर जे दिसलं तेच बटणावर दिसावं.

गोदातीर

इथे मी असहमत आहे. मराठी यादीत मराठीच आकडे हवेत. ३०४ वाचून कोणी लिफ्टमध्ये अडल्याचं मी पाहिलेलं नाही. बटणं बदलता येतात, नाहीतर बटणाशेजारी मराठी आकड्याचं स्टिकर लावता येतं.

रेडियमवाले_अण्णा

मराठी वाचणारा अडत नाही, खरं आहे. पण बाहेरच्याला आपला १ इंग्रजी नवासारखा दिसतो. कुरिअरवाले पोरगे फसलेले पाहिलेत. अर्थात तो इंग्रजी यादी बघेल म्हणा. दारावरची पाटी, बिल, व्हिजिटिंग कार्ड यांवर काय आहे ते बघून ठरवा.

गोदातीर

इंग्रजी यादी शेजारीच असताना मराठी यादीतून मराठी आकडे काढण्याचं कारण मला अजून दिसत नाही.

मृणाल_नाशिक

हा मुद्दा बैठकीत मांडते, दोन्ही मतं सांगून. आता बाण. प्रत्येक कार्यालयापुढे बाण हवा असा दोन सभासदांचा आग्रह आहे. वरच्या मजल्यांवर लिफ्टमधून बाहेर आलं की दोन्हीकडे पॅसेज जातो.

शब्दरेघ

पहिल्या ते पाचव्या मजल्यावरच्या २७ कार्यालयांना खालच्या बोर्डावर एकही बाण नको. खाली उभ्या माणसाला पुढची कृती एकच आहे, लिफ्ट किंवा जिना. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे वळायचं हे त्याला तिसऱ्या मजल्यावर कळलं पाहिजे. खाली सांगितलं तर तो लिफ्टमध्ये विसरतो. आणि खालच्या बोर्डावरचा डावा बाण पाहून तो तळमजल्यावरच डावीकडे चालू लागतो. तुमच्या वॉचमनला विचारा, असं होत असणार.

म्हणून प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारासमोरच्या भिंतीवर छोटी पट्टी: मजल्याचा मोठा आकडा, खाली '← ३०१–३०२' आणि '३०३–३०५ →'. डावा बाण मजकुराच्या डावीकडे, उजवा बाण उजवीकडे. बाणाची उंची अक्षरापेक्षा थोडी जास्त, रेघ अक्षराच्या रेघेएवढीच जाड, टोक साधं. नक्षीदार किंवा बोटाच्या आकाराचे बाण लांबून गोळा दिसतात.

तळमजल्याचे चार गाळे, स्वच्छतागृह, जिना आणि पार्किंग यांना बाण हवेत, पण ते यादीत नकोत. त्यांची वेगळी पट्टी करा, लोक चालता चालता वाचतील अशा जागी. ही पट्टी दारातून सहा मीटरवरून वाचायची आहे, म्हणून अक्षर ४२ मिलिमीटर.

विक्रांत_एस

वरच्या मजल्यांसाठी वर बाण तरी द्या.

शब्दरेघ

वर बाणाचा अर्थ रस्त्यावर, स्टेशनवर, विमानतळावर 'सरळ पुढे' असाच घेतला जातो. लॉबीत तो 'वरच्या मजल्यावर' असाही वाचला जातो. दोन्ही अर्थ शक्य असतील तिथे नुसता वर बाण धोक्याचा. जिना दाखवायचा तर जिन्याचं चित्र काढा आणि त्याच्यासोबत बाण द्या. सरळ पुढे दाखवायचं असेल तर पट्टी चालणाऱ्याच्या समोर, वाटेला आडवी टांगा.

गोदातीर

आमच्या कार्यालयाच्या इमारतीत तळमजल्याची पट्टी प्रवेशाच्या डाव्या भिंतीवर आहे. 'स्वच्छतागृह' ला वर बाण दिला आहे. मी तो बघून लिफ्टच्या मागे गेलो, स्वच्छतागृह मात्र निघालं उजव्या पॅसेजमध्ये.

शब्दरेघ

उत्तम उदाहरण. नकाशावर बसून बाण काढला की हे होतं. डाव्या भिंतीवरची पट्टी वाचायला माणूस डावीकडे वळून भिंतीकडे तोंड करतो. आता आत येतानाचं 'सरळ पुढे' त्याच्या उजव्या हाताला आलं, आणि 'उजवीकडे' जे होतं ते पाठीमागे गेलं. पाठीमागे दाखवायला सोपा बाणच नसतो. नियम एकच पाळायचा: पट्टी जिथे लागणार तिथे तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं, ठिकाणाकडे हात करायचा, आणि हात जिकडे जाईल तो बाण.

मृणालताई, तुमचं पार्किंगचं दार इथेच आडवं येईल. मुख्य दाराची पट्टी तशीच दोनदा छापून मागच्या दाराला लावली की सगळे बाण उलटे. दोन पट्ट्यांची दोन वेगळी आर्टवर्क करा आणि फाईलच्या नावातच 'मुख्य' आणि 'पार्किंग' लिहा.

मृणाल_नाशिक

काल पार्किंगच्या दारातून आत येऊन हात करून पाहिला. गाळा ३ आणि ४ खरंच दुसऱ्या हाताला जातात. प्रिंटर एकाच फाईलच्या दोन कॉप्या काढणार होता.

रेडियमवाले_अण्णा

आता बनवण्याबद्दल. एसीपी मॅट घ्या. चकचकीत ॲक्रिलिकवर लॉबीची ट्यूबलाईट आणि दारातलं ऊन दोन्ही दिसतात, नावं नाही दिसत. पांढऱ्यावर गडद निळा किंवा काळा. काळ्यावर लाल कोणी मागितलं तर करू नका, संध्याकाळी लाल बुडतो.

रेडियम कापून लावणार असाल तर अनुस्वार बघा. २१ च्या अक्षराचा अनुस्वार चार-पाच मिलिमीटरचा असतो. एवढा ठिपका हात लागून, फडक्याने पुसून निघून जातो. 'शिंदे' चे 'शिदे' झालेले बोर्ड भरपूर आहेत. आकड्यांना, बाणांना, मोठ्या अक्षरांना रेडियम चालेल. यादीच्या ओळी प्रिंट करून वर मॅट लॅमिनेशन घ्या.

आणि पूर्ण यादी एका शीटवर छापू नका. भाडेकरू बदलला की लोक वर स्टिकर चिकटवतात, त्याचा पांढरा रंग वेगळा दिसतो. प्रत्येक ओळीची वेगळी पट्टी, ४२ उंच, खाचेत सरकणारी. नाव बदललं की पट्टी काढायची आणि अकारविल्हे जागेवर सरकवायची. दोन-चार कोऱ्या पट्ट्या जास्त करून घ्या. फाईल पाठवताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकृत्या करून पाठवा, नाहीतर आमच्याकडे तो फॉन्ट नसला की ऱ्हस्व वेलांट्या उड्या मारतात.

चष्माघर

छापायच्या आधी एक स्वस्त तपासणी करा. बोर्डाचं चित्र एक-पंचमांश करून छापा. १००० बाय ९०० चा बोर्ड २०० बाय १८० होतो, ए-फोरवर आडवा मावतो. तो ६० सेंटिमीटरवरून बघितला की डोळ्याला तीन मीटरवरच्या खऱ्या बोर्डाएवढाच दिसतो. कोणी एक-दशांश करून ३० सेंटिमीटरवरून बघायला सांगेल, ते करू नका. चाळिशीनंतर ३० सेंटिमीटरवर जवळचा चष्मा आडवा येतो आणि तुम्ही बोर्डाऐवजी चष्माच तपासता.

शब्दरेघ

मांडणीसाठी ही उत्तम, उजेडासाठी पुरेशी नाही. चार-पाच नावं खऱ्या आकारात कागदावर छापून त्याच भिंतीवर, सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या ओळीच्या उंचीला चिकटवा आणि दिवे लागल्यावर रांगेमागून वाचायला सांगा. नावं अशी निवडा की गोंधळ होईल: एक 'घ' चं, एक 'भ' चं, एक जोडाक्षराचं. ज्याला ती नावं माहीत नाहीत त्यालाच विचारा. सभासदांना विचारू नका, ते आठवणीतून वाचतील.

देशमुखकाका_ठाणे

हे सगळं करण्याऐवजी मोठा टीव्ही लावला तर? नावं बदलणं सोपं होईल.

रेडियमवाले_अण्णा

काका, वीज गेली की यादी गेली. आणि टीव्हीवर लोक पानं फिरती ठेवतात. तुमचं नाव दुसऱ्या पानावर असेल तर ते येईपर्यंत थांबा. शिवाय आडवा टीव्ही, त्यात जाहिरात घुसते आणि यादी कोपऱ्यात जाते.

मृणाल_नाशिक

टीव्हीचं बजेट नाहीच काका. 'घाटगे', 'भोसले', 'राष्ट्रीय विमा' आणि 'त्र्यंबके' या चार ओळी २१ मिलिमीटरमध्ये छापून घेतल्या आहेत. सोमवारी क्लास सुटताना लावून बघते, वाचायला क्लासमधल्या मुलांचे पालक आहेतच.

अण्णा, एक शेवटचं: लिफ्टच्या उजव्या भिंतीवर अग्निशमनाचा लाल डबा आहे, इंग्रजी बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात तो दहा-बारा सेंटिमीटर घुसतो. बोर्ड वर सरकवू की लहान करू?

रेडियमवाले_अण्णा

डबा झाकायचा नाही आणि त्याच्या दारालाही उघडायला जागा हवी. बोर्ड वर सरकवू नका, दोन्ही एका पातळीत राहू द्या. इंग्रजीच्या ओळी ४२ ऐवजी ३४ मिलिमीटरवर बसतात, १८ च्या कॅपिटलला तेवढं पुरतं. १७ ओळींत जवळजवळ १३५ मिलिमीटर वाचले. इंग्रजी बोर्ड वरची कड तीच ठेवून खालून तेवढा आखूड करा. डब्याचं दार उघडून मग मोजमाप घ्या आणि फोटो इथे टाका.